सात, अकरा आणि वीस

‘जीएसटीआर-३बी भरण्याची अंतिम तारीख २०. दंड टाळा, आजच संपर्क साधा.’ वर कॅलेंडरचं चित्र, लाल गोल आणि खाली कर सल्लागाराचं नाव. असा संदेश राज्यातल्या असंख्य छोट्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतो. दुकानदार तो पाहतो, अंगठा दाखवतो आणि गिऱ्हाइकाकडे वळतो. एकोणीस तारखेच्या रात्री मात्र बिलांचे फोटो धडाधड यायला लागतात, कोपरे कापलेले, सावली पडलेले, दोन महिन्यांचे एकत्र. सल्लागार जागतो, दुकानदार वैतागतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच लाल गोल येतो.

मी कर सल्लागार आहे, आणि माझं ठाम मत आहे की दोष बहुतेक वेळा त्या चित्राखालच्या दोन ओळींचा असतो. जे काम सल्लागाराचं, त्याची तारीख त्या ओळी सांगतात. जे काम दुकानदाराचं, त्याबद्दल त्यात एक शब्दही नसतो. महिनेवार रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी कायद्याच्या दोन तारखा आहेत: अकराला विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, आणि वीसला करासह जीएसटीआर-३बी. दुकानदार स्वतः पोर्टलवर बसत नाही. त्याला बिलं पाठवायची असतात आणि नंतर पैसे भरायचे असतात. बिलांची तारीख कायद्यात कुठेच नाही, ती सल्लागारालाच ठरवावी लागते. सात ही सोयीची तारीख आहे. कारण सातला बिलं हातात आली, तर नोंदी करून, जीएसटी क्रमांक तपासून, शंका विचारून अकराच्या आत विक्रीचा तपशील शांतपणे भरता येतो.

दुसरी अडचण महिन्याची. जुलैमध्ये भरलं जातं ते जूनच्या धंद्याचं रिटर्न. ‘जुलैचं रिटर्न भरायचं आहे’ असं लिहिलं, की निम्मे लोक जुलैची चालू बिलं गोळा करतात आणि बाकीचे म्हणतात, महिना तर अजून संपलाच नाही. म्हणून महिन्याच्या तीन तारखेला पाठवायचा पहिला संदेश असा असावा:

‘नमस्कार. १ ते ३० जूनची विक्रीची सगळी बिलं ७ जुलैपर्यंत पाठवा. रद्द केलेल्या बिलांचे नंबर आणि परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटाही पाठवा. जूनमध्ये विक्री झाली नसेल, तर “विक्री नाही” एवढंच कळवा.’

यात दंडाचं नाव नाही, कलमांचे आकडे नाहीत, फॉर्मचं नावसुद्धा नाही. वाचणाऱ्याला काय शोधायचं, कोणत्या दिवसांचं शोधायचं आणि कधीपर्यंत द्यायचं, हे कळतं. रद्द बिलांचा उल्लेख मी मुद्दाम ठेवतो. महिन्यात कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत बिलं फाडली आणि त्यातली किती रद्द झाली, हे विक्रीच्या तपशिलात द्यावं लागतं. शिवाय रद्द झालेलं बिल चुकून विक्रीत धरलं गेलं, तर त्याचाही कर डोक्यावर बसतो. पूर्वी असा आकडा ३बीमध्ये हातानं कमी करून टाकता यायचा. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून ती सोय बंद झाली. जीएसटीआर-१ मधून येणारी कराची देणी ३बीमध्ये कुलूपबंद येतात. चूक सुधारायची तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए भरावा लागतो. तोही सगळ्या चुका दुरुस्त करत नाही. घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांकच चुकला असेल, तर तो १एमध्ये बदलता येत नाही, ती दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये करावी लागते. म्हणून सातला आलेली यादी पूर्ण असणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

अकरा तारखेबद्दल व्यापाऱ्यांमध्ये मोठा गैरसमज आहे. या तारखेला पैसे भरायचे नसतात, म्हणून ती चुकली तरी काही बिघडत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण ही तारीख चुकली, की पहिला फटका आपल्याकडून माल घेणाऱ्याला बसतो. तो कसा, ते एका उदाहरणाने पाहू.

सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे असं धरा. वर्षाची उलाढाल साधारण नव्वद लाख. जूनमध्ये त्यांनी कर सोडून साडेसात लाखांचा माल विकला. अठरा टक्क्यांनी १,३५,००० रुपये कर झाला. त्याच महिन्यात सहा लाखांची खरेदी केली, तिच्यावर १,०८,००० रुपये कर त्यांनी पुरवठादारांना आधीच दिला आहे. हा दिलेला कर म्हणजे इनपुट. वजाबाकी केली, की सरकारला रोखीने भरायचे राहतात २७,००० रुपये. दुकानदाराच्या डोक्यात हाच आकडा असतो आणि तेवढीच सोय त्याने करून ठेवलेली असते.

आता त्या सहा लाखांच्या खरेदीत एक लाखाचे पाइप एका लहान घाऊक विक्रेत्याकडून आले आहेत. तोही महिनेवार रिटर्न भरतो. त्याने आपला जूनचा जीएसटीआर-१ अकराला न भरता सोळा जुलैला भरला. पोर्टल प्रत्येक खरेदीदारासाठी इनपुटची यादी तयार करतं. तिचं नाव जीएसटीआर-२बी, आणि ती चौदा तारखेला तयार होते. सोळाला भरलेलं बिल चौदाच्या यादीत येणार कसं? १ जानेवारी २०२२ पासून नियम स्पष्ट आहे: २बीमध्ये दिसेल तेवढंच इनपुट घ्यायचं. बिल हातात आहे, माल गोदामात आहे, पैसेही दिले आहेत, तरीही पाइपावरचे १८,००० रुपये या महिन्यात वजा करता येत नाहीत. सांगलीच्या दुकानदाराला २७,००० च्या जागी ४५,००० रोख भरावे लागतात. ते अठरा हजार बुडत नाहीत, ऑगस्टच्या चौदा तारखेच्या यादीत येतात. पण महिनाभर त्याचं भांडवल अडकतं. नव्वद लाखांच्या उलाढालीच्या दुकानाला अठरा हजार म्हणजे एखाद्या चांगल्या मालाची खेप.

म्हणूनच ठेकेदार आणि कारखानदार आता हुशार झाले आहेत. बिल २बीत दिसेपर्यंत ते करापुरती रक्कम थांबवून ठेवतात. अकरा चुकवणाऱ्या विक्रेत्याची उधारी वसूल व्हायला उशीर होतो आणि दोनतीनदा असं झालं, की पार्टी दुसरीकडे वळते. सरकारच्या दंडापेक्षा हे नुकसान मोठं असतं आणि ते कोणत्याही चलनावर दिसत नाही. नऊ तारखेला पाठवायची आठवण म्हणूनच पार्टीच्या बाजूने लिहावी: ‘जूनची बिलं ११ जुलैपर्यंत भरली, तरच तुमच्या पार्टींना या महिन्यात इनपुट मिळेल. तुमची बिलं अजून आलेली नाहीत.’ ही ओळ मी फक्त ज्यांची बिलं आलेली नाहीत त्यांनाच पाठवतो. ज्याने पाच तारखेलाच सगळं दिलं, त्याला नऊला पुन्हा आठवण केली, तर पुढच्या महिन्यात तो आपला एकही संदेश उघडणार नाही.

चौदाला २बी आली, की भरायचा आकडा पक्का होतो. त्यानंतर ‘वीस तारीख जवळ आली’ असं लिहिण्यात काही हशील नाही. दुकानदाराला हवी असते ती रक्कम, कारण त्याला ती जमवायची असते. पंधरा किंवा सोळाला जाणारा संदेश प्रत्येकासाठी वेगळा असतो, आणि तो तसा करण्याचे कष्ट सल्लागाराने घ्यायलाच हवेत:

‘जूनचा भरायचा कर ४५,००० रुपये. पाइपाच्या एका बिलाचं १८,००० इनपुट पुरवठादाराने उशीर केल्यामुळे या महिन्यात आलेलं नाही, ते पुढच्या महिन्यात मिळेल. चलन तयार आहे. पैसे १८ जुलैपर्यंत भरा.’

वीसऐवजी अठरा का, तर बँकेमुळे. नेट बँकिंगने भरलेले पैसे बहुधा लगेच जमा दिसतात. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवले, तर ते सरकारी खात्यात पोहोचून पोर्टलवर दिसायला वेळ लागू शकतो. वीसच्या संध्याकाळी एनईएफटी करून ‘मी तर भरले’ म्हणणारा व्यापारी खोटं बोलत नसतो. पण पोर्टलच्या दृष्टीने पैसे जमा झाले, तो दिवस मोजायचा असतो.

या टप्प्यावर एक गोष्ट मी प्रत्येक व्यापाऱ्याला आवर्जून सांगतो, कारण ती फार कमी लोकांना माहीत आहे. पूर्ण कर भरल्याशिवाय ३बी दाखल होत नाही. त्यामुळे पंचेचाळीसपैकी तीसच हजार हातात असले, की दुकानदार म्हणतो, बाकीचे आले की एकदमच भरू. आणि ते तीस हजारही तो दुकानात फिरवतो. वास्तविक चलन काढून ते तीस हजार वीसच्या आत पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात टाकून ठेवता येतात. जुलै २०२४ मध्ये नियमांत झालेल्या बदलाप्रमाणे, शेवटच्या तारखेपर्यंत त्या खात्यात जमा असलेल्या आणि रिटर्न भरेपर्यंत तिथेच राहिलेल्या रकमेवर उशिराचं व्याज लागत नाही.

आकडे मांडून पाहू. समजा रिटर्न बारा दिवस उशिरा, म्हणजे एक ऑगस्टला भरलं. व्याजाचा दर वर्षाला अठरा टक्के, आणि तो इनपुट वजा जाता रोखीने भरायच्या रकमेवर. पूर्ण ४५,००० उशिरा भरले, तर बारा दिवसांचं व्याज साधारण २६६ रुपये होतं. तीस हजार वीसपूर्वी जमा असतील, तर उरलेल्या पंधरा हजारांवर ८९ रुपये. विलंब शुल्क मात्र दोन्ही वेळा सारखंच, दिवसाला पन्नास रुपये, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. बारा दिवसांचे सहाशे. हे शुल्क इनपुटमधून वळतं करता येत नाही, ते रोखच भरावं लागतं. ज्यांची मागच्या वर्षीची उलाढाल दीड कोटीपर्यंत आहे, त्यांना एका रिटर्नसाठी जास्तीत जास्त २,००० रुपये लागतात, दीड ते पाच कोटीवाल्यांना ५,०००. व्याजाला मात्र अशी कमाल मर्यादा नाही.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, आठनऊशे रुपयांसाठी एवढा आटापिटा कशाला? खरा धोका त्या रकमेत नाही, म्हणूनच ‘दंड टाळा’ ही ओळ मला अपुरी वाटते. जूनची ३बी भरली नाही, तर पोर्टल जुलैचा जीएसटीआर-१ भरूच देत नाही. म्हणजे अकरा ऑगस्ट आपोआप चुकते आणि वर सांगितलेली पार्टीची अडचण सुरू होते. सलग दोन महिन्यांचं रिटर्न राहिलं, की आपल्या मालाचं ई-वे बिल निघणं बंद होतं. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालासाठी आणि परराज्यात पन्नास हजारांवरच्या मालासाठी ते लागतं. मग टेम्पो भरून उभा राहतो आणि माल हलत नाही. आणि महिनेवार भरणाऱ्याने सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही, तर नोंदणीच रद्द होऊ शकते. म्हणून एकवीस तारखेला, रिटर्न राहिलेल्यालाच जाणारा संदेश असा लिहावा: ‘जूनची ३बी राहिली आहे. रोज ५० रुपये शुल्क चालू झालं आहे. १० ऑगस्टच्या आत ती भरली नाही, तर जुलैची बिलं पार्टींना दिसणार नाहीत.’ यात घाबरवण्याचा सूर नाही, पण पुढे काय होणार आणि कोणत्या दिवशी, ते आहे.

‘मुदत वाढेल’ या आशेबद्दलही बोलायला हवं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत तारखा इतक्या वेळा पुढे गेल्या, की व्यापाऱ्यांना त्याची सवयच लागली. अजूनही कधीकधी मुदत वाढते. जानेवारी २०२५ मध्ये पोर्टल अडलं, तेव्हा डिसेंबरचा जीएसटीआर-१ तेरापर्यंत आणि ३बी बावीसपर्यंत भरायला परवानगी मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये वीस तारीख ऐन दिवाळीत आली, म्हणून ३बीची मुदत पंचवीसपर्यंत नेली. पण अशा घोषणा तारखेच्या तोंडावर होतात आणि अधिसूचना निघाल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो. फॉरवर्ड होत आलेला ‘मुदत वाढली’ हा संदेश सल्लागाराने अधिसूचना पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये, आणि व्यापाऱ्याने सल्लागाराला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ज्या महिन्यात धंदाच झाला नाही, त्या महिन्याचं काय? बंद दुकान, आजारपण, गावची जत्रा, कारण काही असो, शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. ते राहिलं तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे. हे सगळ्यात जास्त राहणारं रिटर्न आहे, कारण ‘विक्रीच नाही तर रिटर्न कसलं’ हा विचार स्वाभाविक आहे. त्यासाठी तर पोर्टलही उघडावं लागत नाही. नोंदणीकृत मोबाइलवरून 14409 या क्रमांकावर एसएमएस करता येतो. जूनची शून्य ३बी अशी:

```
NIL 3B <GSTIN> 062026
```

`<GSTIN>` च्या जागी आपला पंधरा अक्षरी क्रमांक, शेवटी महिना आणि वर्ष. उत्तरात सहा आकडी कोड येतो, तो परत पाठवला की रिटर्न दाखल होतं:

```
CNF 3B <कोड>
```

खरेदी झाली असेल आणि तिचं इनपुट घ्यायचं असेल, तर मात्र हे शून्य रिटर्न नव्हे. विक्री नाही पण माल भरून ठेवला, अशा महिन्यात एसएमएस करू नये.

आणखी एक काळजी. हे सगळे संदेश महिनेवार भरणाऱ्यांसाठी आहेत, आणि सल्लागाराच्या यादीत सगळे तसे नसतात. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही रिटर्नची योजना घेता येते. त्यांच्या बिलांची तारीख तेरा, पहिल्या दोन महिन्यांचा कर पंचवीसपर्यंत, आणि महाराष्ट्र-गोव्यात तिमाहीची ३बी बावीसपर्यंत. कंपोझिशनवाल्यांचं चलन तिमाही संपल्यावर अठरा तारखेला. एकच संदेश सगळ्यांना पाठवला, तर तिमाहीवाला एक तर विनाकारण धावपळ करतो किंवा ‘हे आपल्यासाठी नसतं’ असं ठरवून त्याची खरी आठवणही वाचत नाही. याद्या वेगळ्या करायला एक दुपार जाते, ती घालवावी.

शेवटी व्यापाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी. आठवणीच्या संदेशात पैसे भरण्याची लिंक असेल, तर ती दाबू नका. कर भरला जातो तो पोर्टलवर तयार झालेल्या चलनावर. त्यावर तुमचा जीएसटी क्रमांक आणि चौदा आकडी चलन क्रमांक असतो, आणि त्याची मुदत पंधरा दिवसांची. सल्लागाराची फी त्याच्या खात्यात द्या, कर मात्र चलनानेच भरा. दुसरं, रिटर्न भरलं गेलं, हे सल्लागाराच्या ‘झालं’वर सोडू नका. प्रत्येक दाखल रिटर्नला एआरएन नावाचा पोचक्रमांक मिळतो, तो मागून घ्या. चांगला सल्लागार तो न मागता पाठवतो, आणि माझ्या मते महिन्याचा सगळ्यात महत्त्वाचा संदेश तोच: ‘जूनची ३बी १९ जुलैला दाखल झाली. एआरएन सोबत आहे.’

त्यावरही खात्री करायची असेल, तर पासवर्डची गरज नाही. `gst.gov.in` उघडा, `Search Taxpayer` मध्ये आपला क्रमांक टाका आणि खाली रिटर्न दाखवण्याचं बटण दाबा. कोणत्या महिन्याचं कोणतं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं, त्याचा तक्ता समोर येतो. हा तक्ता कोणालाही पाहता येतो, म्हणजे तुमची पार्टीही पाहू शकते. आणि नवा पुरवठादार धरण्यापूर्वी तुम्हालाही त्याचा तक्ता पाहता येतो: त्याच्या जीएसटीआर-१ पुढच्या तारखा अकराच्या आतल्या आहेत की सोळा-सतराच्या, एवढं पाहिलं तरी पुरे.